मदतीचा मेसेज लिहिताना

इयत्ता दहावीला विनंतीपत्र शिकवताना मी वर्षानुवर्षे मायना, विषय आणि समारोप यांवरच भर देत आलो. विनंती करणाऱ्याने समोरच्याला हिशोब द्यायचा असतो, हे मी स्वतः शिकलो ते मागच्या डिसेंबरात. माझ्या धाकट्या मामांचा पारोळ्याजवळ मोटारसायकलवरून अपघात झाला. डोक्याला मार होता, मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. गावातल्या पोरांनी मिळेल त्या गाडीने धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात नेलं आणि रात्रीच ऑपरेशन झालं.

तिसऱ्या दिवशी मामेभावाने व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला : "वडील सिरीयस आहेत, 10 लाखांची गरज आहे, कृपया मदत करा." खाली एक फोन नंबर आणि आयसीयूतला, नळ्या लावलेला फोटो. मी तोच मेसेज आमच्या जळगावच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पुढे पाठवला. दोन तासांत हात जोडल्याची चित्रं भरपूर आली, पैसे आले 1,500 रुपये.

संध्याकाळी आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. ते म्हणाले, "अरे, द्यायचे आहेत मला. पण 10 लाख कशाचे? कोणी सांगितले? योजनेत का नाही बसवलं? आणि हा नंबर कोणाचा?" मला राग आला. पण चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मामेभावाला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, कोणीतरी म्हटलं की एवढा खर्च येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला गेलो. दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवरून खर्चाचं अंदाजपत्रक लेखी मागितलं, सही-शिक्क्यासकट. ऑपरेशन आणि भूल 1,40,000. आयसीयू रोजचे 14,000 प्रमाणे 12 दिवसांचे 1,68,000. औषधं, सीटी स्कॅन आणि इतर तपासण्या 1,12,000. एकूण 4,20,000. म्हणजे 10 लाख नव्हतेच.

मग घरचा हिशोब मांडला. कपाशी विकून आलेले 60,000 आणि मामींची पोत गहाण ठेवून आणलेले 50,000 भरून झाले होते. नातेवाईकांनी 70,000 दिले होते. लोकांकडे मागायचे राहिले 2,40,000. माझ्या मते सगळ्या मेसेजमधला हा सर्वात महत्त्वाचा आकडा. एकूण खर्च सांगून थांबलं की वाचणाऱ्याला वाटतं, आपल्या 500 रुपयांनी काय होणार? घरच्यांनी किती घातले आणि खड्डा नेमका किती उरला हे दिसलं, की तेच 500 त्याला मोजता येतात.

त्या रात्री नवा मेसेज लिहिला, तो असा :

"दि. 12 डिसेंबर. माझे मामा, वय 52, अपघातात डोक्याला मार लागून धुळे येथे आयसीयूत आहेत. ऑपरेशन झाले आहे. दवाखान्याचा लेखी अंदाज 4,20,000. घरचे 1,10,000 व नातेवाईकांचे 70,000 जमा. कमी पडतात 2,40,000. हा दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत नाही. मेंदूची सूज उतरेपर्यंत हलवू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी अर्ज करत आहोत. मंजूर झाल्यास तेवढी रक्कम मागणीतून वजा करू. शक्यतो दवाखान्याच्या खात्यावरच पाठवा, सोबत रुग्ण नोंदणी क्रमांक लिहा. लहान रक्कम मामींच्या खात्यावर चालेल. पाठवण्याआधी स्क्रीनवर त्यांचेच नाव दिसते का पाहा, दुसरे दिसले तर थांबा आणि मला फोन करा. रोज रात्री 9 वाजता जमा-खर्च टाकेन. पैसे उरले तर फक्त पुढचे औषध व फिजिओथेरपीसाठी वापरू. त्यातूनही उरले तर शेवटी ज्यांनी दिले त्यांच्यापासून परत करू. 2,40,000 जमा झाले किंवा गरज संपली की 'थांबा' असे कळवू."

सोबत अंदाजपत्रकाचा फोटो जोडला. आधार क्रमांक आणि घरचा पत्ता कागदाच्या पट्टीने झाकला. आयसीयूतला फोटो काढून टाकला. त्या फोटोने काहीच सिद्ध होत नाही आणि मामा शुद्धीवर आल्यावर त्यांना तो आवडला नसता. स्क्रीनवरच्या नावाची ओळ मुद्दाम घातली, कारण खरा मेसेज उचलून त्यातला क्यूआर कोड तेवढा बदलून फिरवणारे लोक असतात. तारीखही त्याच कारणाने. बिनतारखेचा मेसेज वर्षभर फिरत राहतो.

सहा दिवसांत 2,31,500 जमले. दवाखान्याच्या खात्यावर कोणाचे किती आले हे आम्हाला दिसत नव्हतं, म्हणून लोकांकडून स्क्रीनशॉट मागवले आणि रोज काउंटरवरच्या नोंदीशी जुळवले. एकदा 2,000 ची नोंद सापडेना. पाठवणाऱ्या बाईंनी नोंदणी क्रमांक लिहिला नव्हता. तेही त्या रात्रीच्या हिशोबात जसंच्या तसं लिहिलं.

18 डिसेंबरला डॉक्टर म्हणाले, आता हलवता येईल. आम्ही मामांना धुळ्याच्याच श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. सहाय्यता निधीचा अर्ज तोवर कागदपत्रांतच होता, तो आम्ही सोडून दिला. 9 दिवसांचं बिल झालं 3,63,000. हाताशी होते 4,11,500. उरले 48,500. त्याच रात्री "थांबा" असा मेसेज टाकला.

मागणीचा आकडा मध्येच बदलू शकतो, हे मोठ्या प्रकरणांतही घडतं. 2021 मध्ये मुंबईच्या तीरा कामत या बाळासाठी सुमारे 16 कोटींचं परदेशी औषध आणण्यासाठी आईवडिलांनी लोकवर्गणी केली, तेव्हा त्यावरचा काही कोटींचा कर केंद्र सरकारने माफ केला. खर्च वाढला तर सगळेच कळवतात. कमी झाला तेही तितक्याच लवकर कळवावं लागतं.

खरी परीक्षा उरलेल्या पैशांनी घेतली. मामेभाऊ म्हणाला, "दादा, या 48,500 मध्ये आईची पोत सोडवू. तिचे पैसे दवाखान्यातच गेले ना?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आम्ही त्या 1,10,000 ला घरचा वाटा म्हणून लिहिलं होतं आणि लोकांनी ते वाचून पैसे दिले होते. मी नाही म्हटलं. तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. शेवटी मामीच म्हणाल्या, "लिहिलंय तसं करा. पोत पुढच्या कपाशीवर सोडवू."

फिजिओथेरपीचे 300 रुपयांप्रमाणे 90 दिवस, म्हणजे 27,000, आणि झटके येऊ नयेत म्हणून चाललेलं औषध 16,200. शिल्लक 5,300 शेवटच्या चार जणांना परत केले. त्यातल्या एका पालकांनी विचारलं, "सर, हे कशाचे?" ते पैसे दिल्याचं विसरूनही गेले होते.

मामांचा डावा हात अजून पूर्ण उचलत नाही. पोत अजून गहाण आहे. यंदा विनंतीपत्राच्या तासाला मी मुलांना दोन्ही मेसेज नावं काढून वाचायला दिले आणि आप्पांचे चार प्रश्न फळ्यावर लिहिले. एका मुलीने पाचवा सांगितला : "सर, पैसे उरले तर?" तो मी आप्पांच्या प्रश्नांखाली लिहिला.