शून्य मिलिमीटरची गोष्ट

वाचकहो, निवृत्तीच्या थोडं आधी एका विद्यार्थ्याने मला बीमचं गणित दाखवलं. दोन्ही टोकांना टेकलेला 4 मीटरचा पोलादी बीम, दर मीटरला 10 किलोन्यूटन भार. स्ट्रेस 50 मेगापास्कल, अगदी बरोबर. डिफ्लेक्शन मात्र 0.00 मिलिमीटर. बीम भक्कम आहे, असं त्याचं मत. मी सही करता करता थांबलो. भाराखाली पोलादही थोडं वाकतंच.

त्याने लांबी मिलिमीटरमध्ये आणि भार न्यूटनमध्ये घेतला होता. पोलादाचा ई मात्र पुस्तकातून पास्कलमध्ये उतरवला होता, 200 वर नऊ शून्यं. न्यूटन आणि मिलिमीटरची जोडी जमते ती मेगापास्कलशी, कारण 1 मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 1 न्यूटन. म्हणून तिथे 2,00,000 हवे होते. डिफ्लेक्शन दहा लाख पटींनी कमी आलं. खरं उत्तर 3.3 मिलिमीटर.

मग स्ट्रेस बरोबर कसा आला? त्याच्या सूत्रात ई येतच नाही. म्हणून तुम्हाला, आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या तुमच्या मुला-नातवंडांना सांगतो: स्ट्रेस जुळला म्हणून डिफ्लेक्शनची खात्री धरू नका. ते लांबीशी ताडून पाहा. 4000 मिलिमीटरमागे तीन-चार मिलिमीटर पटतात. शून्य दिसलं, तर आधी ई तपासा.