हिरवा दिवा, लाल दिवा

लक्ष्मीपूजनाचा दिवस. आमच्या लेस्टरच्या घरी दुपारचा एक वाजला की साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा होतात आणि आई व्हिडिओ कॉलवर पूजा दाखवते. गेली अकरा वर्षं हा नेम चुकलेला नाही. यंदा सकाळी चकल्या तळायला इलेक्ट्रिक फ्रायर लावला, जोडीला किटली आणि हीटर. फ्यूज उडाला. वीज लगेच आली, इंटरनेट मात्र आलं नाही.

राउटरवरचा डीएसएलचा दिवा स्थिर हिरवा होता. म्हणजे फोनच्या तारेतून रस्त्यावरच्या कॅबिनेटशी जोडणी, ज्याला सिंक म्हणतात, ती ठीक होती. इंटरनेटचा दिवा तेवढा लाल. राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, दर अर्ध्या मिनिटाला तेच:

```
PADI sent
PADO received
CHAP authentication failed
```

पहिल्या ओळीत राउटर हाक मारतो, दुसरीत कंपनीचा सर्व्हर ओ देतो. ओ आली नसती तर दोष वाटेत कुठेतरी असता. इथे ओ येत होती, पण ओळख पटत नव्हती. मी ठरवलं, पासवर्डच बिघडला. कंपनीच्या जुन्या पत्रावरून तो पुन्हा टाइप केला. तरी लाल. राउटर चार वेळा बंद-चालू केला. तरी लाल.

घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून अंगणात थंडीत उभी राहून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा शांत होता. म्हणाला, "तुमचं जुनं सेशन आमच्याकडे अजून चालूच दिसतंय. एका लॉगिनवर एकच सेशन चालतं."

मग उलगडलं. वीज अचानक गेली, त्यामुळे राउटरला 'येतो हं' म्हणायलाही वेळ मिळाला नाही. सर्व्हरच्या लेखी आम्ही घरातच होतो, म्हणून दारात उभा असलेला दुसरा 'मी' त्याला तोतया वाटत होता. अशी अडकलेली नोंद बहुधा काही वेळाने आपोआप गळून पडते. राउटर अर्धा तास बंद ठेवून पाहावा. त्याने ती हातानेच काढली.

तरीही लाल! आता तो म्हणाला, "पासवर्ड चुकतोय." आणि या वेळी तो खरंच चुकत होता, कारण तो मीच बदलला होता. पत्रातलं छोटं एल मी मोठं आय म्हणून वाचलं होतं. मूळ पासवर्डमध्ये काहीच दोष नव्हता.

अक्षर सुधारलं आणि दिवा हिरवा झाला. एक वाजून दहा मिनिटं. आई पडद्यावर आली, निरांजन हातात.

"अगं, थांबलेय मी. आरती तुझ्याशिवाय कशी करू?"

तेव्हापासून राउटरजवळ एक चिठ्ठी चिकटवली आहे: आधी दिवे बघ, मग लॉग वाच, अर्धा तास थांब. पासवर्डला हात शेवटी.