हळदी रंगाची तीनशे कव्हरं

बडोद्यात नवरात्र म्हणजे संध्याकाळी सातनंतर कोणी कोणाचं नसतं. ऑनलाइन बाजाराचा मोठा सेलही नेमका याच दिवसांत येतो. मी घरच्या मागच्या खोलीतून कुशनची कव्हरं विकते. एक मास्तर, मदतीला एक मुलगी, दोन मशीनं, एवढाच पसारा. तीन वर्षांपूर्वी त्या सेलच्या पहिल्या रात्री मी साडेबाराला झोपले आणि सहाला उठले. तेवढ्या साडेपाच तासांत मी माझ्याकडे नसलेली पंचावन्न कव्हरं विकून बसले होते.

कपाटात हळदी रंगाची बरोबर तीनशे कव्हरं होती, सोळा इंची, चेनवाली. ती आम्ही दोन तऱ्हांनी विकतो : पाचाचा सेट आणि दोनाची जोडी. पोर्टलला कव्हर कळत नाही, त्याला फक्त सेट आणि जोडी कळते. म्हणून मी चाळीस सेट आणि पन्नास जोड्या असं लिहिलं. चाळीस पंचे दोनशे आणि पन्नास दुणे शंभर, हिशेब चोख. चूक पुढची होती. दुसऱ्या पोर्टलवरही मी हेच आकडे टाकले होते. एरवी दिवसाला दोन-तीन ऑर्डरी येतात. एकीकडे काही विकलं की मी दुसरीकडचा आकडा हाताने कमी करते. या पद्धतीवर दोन वर्षं निभावलं होतं. ती पद्धत माल कमी खपतो म्हणून चालत होती, हे माल खपल्यावर समजलं.

सकाळी पहिल्या पोर्टलवर एकतीस सेट आणि बावीस जोड्या गेल्या होत्या, दुसऱ्यावर चोवीस सेट आणि अठरा जोड्या. बेरीज तीनशे पंचावन्न कव्हरं. मी दोन्हीकडचे आकडे शून्यावर आणले आणि चहा न घेताच पॅकिंगला बसले.

दुपारपर्यंत गिऱ्हाइकांनी स्वतःहून सहा सेट आणि चार जोड्या कॅन्सल केल्या. सेलच्या रात्री माणसं ऑर्डर देतात आणि उजेडात विचार करतात, त्यामुळे पहिल्या बारा तासांत हे होतंच. अडतीस कव्हरं मोकळी झाली, तूट सतरावर आली. सतरा तर मास्तर दुपारनंतरही शिवून देतील. मला हायसं वाटलं. मास्तरांना मुलीला गरब्याला सोडायचं होतं. मी म्हटलं, सातला जा, उद्या सकाळी बघू.

संध्याकाळी सहज स्क्रीन उघडली, तर पाच नवे सेट विकले गेलेले. मी आकडा शून्य केला होता, पण विक्री बंद केली नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पोर्टलवर कॅन्सल झालेला नग आपोआप शिलकीत जमा होत होता, म्हणजे शून्याचे सहा झाले आणि त्यांतले पाच पुन्हा गेले. मी ज्या कव्हरांनी खड्डा बुजवला असं समजत होते, तीच मी पुन्हा विकली होती. तूट आता बेचाळीस. या वेळी मी वस्तूच विक्रीतून काढली. सेलमध्ये माल संपला की करायचं ते हे.

मग ताका मोजला. अकरा मीटर कापड उरलं होतं. पन्हा चव्वेचाळीस इंच, शिवणीसकट तुकडा सतरा इंची, म्हणजे आडवे दोनच तुकडे निघतात आणि दर सतरा इंच लांबीला एक कव्हर होतं. अकरा मीटरमध्ये पंचवीस. दुकानातून नवा ताका आणता आला असता, पण दुसऱ्या लॉटचा हळदी रंग पहिल्याशी जुळत नाही. एकटं कव्हर पाहताना फरक दिसत नाही. सोफ्यावर पाच ओळीने मांडली की वेगळं पडलेलं डोळ्यात खुपतं आणि पार्सल परत येतं. बेचाळीसमधून पंचवीस गेले, परत सतराच उरले. तीन सेट आणि एक जोडी. चार माणसांना नाही म्हणायचं होतं.

हे नाही कोणी म्हणायचं, यावर सगळं अडलं. गिऱ्हाइकाने कॅन्सल केलं तर दुकानदाराला काही लागत नाही. दुकानदाराने केलं तर पोर्टल ते त्याच्या नावावर मांडतं, दंड कापतं आणि त्याचा माल यादीत खाली ढकलतं. म्हणून या धंद्यात एक युक्ती चालते : गिऱ्हाइकाला फोन करून सांगायचं, ‘तुम्हीच कॅन्सल करा ना.’ मला ती ओळखीच्या एकाने सांगितली होती. पत्त्याच्या चिठ्ठीवर नंबर होता. मी पहिला फोन लावला.

पलीकडे वयस्कर बाई होत्या. माल नाही हे ऐकून त्या रागावल्या नाहीत. दिवाळीला सून पहिल्यांदा घरी येणार होती, एवढंच म्हणाल्या. मग फोनवर शोधत शोधत त्यांनी कॅन्सलचं बटण काढलं आणि थांबल्या. “बेटा, वजह क्या लिखूँ?”

मी त्यांना पर्याय वाचायला सांगितले. विचार बदलला. चुकून ऑर्डर दिली. दुसरीकडे स्वस्त मिळालं. पत्ता चुकला. ‘दुकानदाराकडे माल नाही’ असा पर्यायच नव्हता. माझी चूक त्यांना स्वतःची म्हणून नोंदवावी लागणार होती, आणि ती कुठली म्हणून नोंदवू हे त्या मलाच विचारत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, काही दाबू नका, तुमचा सेट येईल.

बाकीचे फोन मी केले नाहीत. ज्यांच्या ऑर्डरी सर्वांत शेवटी आल्या होत्या, असे तीन सेट आणि एक जोडी मी माझ्या नावावर कॅन्सल केली. सकाळी मास्तर आठला आले आणि दुपारी तीनपर्यंत पंचवीस कव्हरं झाली. पाचला पिकअपचा माणूस सगळी पार्सलं घेऊन गेला. एकूण शंभर ऑर्डरींत माझ्याकडून चार मोडल्या. दंड कापला गेला आणि दिवाळीपर्यंत माझा माल यादीत शोधून सापडत नव्हता. दोन आठवड्यांनी न घेतलेली पार्सलं परत येऊ लागली, तेव्हा त्यांत हळदी सेटही होते. चौघांना पुरले असते. पण वाटेत असलेला माल हा माल नव्हे. हातात येऊन, उघडून, तपासल्याशिवाय तो मोजायचा नाही.

आता सेलमध्ये सेट एका पोर्टलवर आणि जोड्या दुसऱ्यावर असतात, म्हणजे एकच कव्हर दोघांना कबूल होत नाही. तीनशे असतील तर दोनशे चाळीस दाखवते, उरलेली साठ कपाटात कुलपात. कॅन्सल झालेलं पार्सल आधी गठ्ठ्यातून बाहेर काढते, त्यावरची चिठ्ठी फाडते आणि ते वेगळ्या टोपलीत टाकते. टोपलीतला माल दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने मोजून मगच विक्रीला चढतो. यात रोज दहा-वीस ऑर्डरी हुकतात, हे मला दिसतं. मास्तर मात्र सातला जातात.

त्या बाईंनी नंतर एक फोटो टाकला होता. सोफ्यावर पाच कव्हरं ओळीने. मी तो मोठा करून पाहिला. रंग पाचही एक होते.