हाडाजवळची लाली

आमच्या आष्टीच्या घरी कोंबडी म्हणजे रस्साच. गावरान कोंबडीला चुलीवर दीड-दोन तास रटरटू द्यायचे, तेव्हा कुठे ती शिजायची. कच्ची राहिली की काय, हा प्रश्नच कधी पडला नाही. तो पडला थोरला मुलगा बाजारातून ब्रॉयलर आणून निखाऱ्यावर भाजू लागला तेव्हापासून. पहिल्याच वेळी सासूबाईंनी तंगडीचे मांस सोडवले, तर हाडाला लागून तांबूस-काळसर डाग. "रक्त आहे हे, कच्चीच आहे," म्हणून त्यांनी ती तंगडी सरळ कुत्र्यापुढे टाकली. तेव्हापासून आमच्याकडे भाजलेली कोंबडी पुन्हा तासभर पातेल्यात जायची आणि दोरीसारखी होऊन ताटात यायची.

यंदा पोळ्याच्या पाडव्याला मुलगी माहेरी होती, सातवा महिना चाललेला. तिला भाजलेलेच हवे होते. अशा दिवसांत कच्च्या मांसातून जंतू पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून मी नाहीच म्हणणार होते. पण तळेगावच्या हमरस्त्यावर धाब्यात काम करणारा माझा भाचा आला होता. त्याने पिशवीतून एक लांब सुई काढली. वर डबीएवढे यंत्र, त्यात आकडे दिसतात. "मावशी, रंगाला विचारू नको, याला विचार," म्हणाला. मला वाटले, तापाचाच थर्मामीटर असेल. पण तो नव्हे, बरे का. तापाचा साधारण ४२ अंशांपर्यंतच चालतो, आणि काचेचा असला तर मांसात फुटायचा.

आधी त्याने सुईचीच परीक्षा घेतली. पेलाभर बर्फाचा चुरा, वर थोडे पाणी, ढवळून सुई मधोमध धरली. आकडा शून्यावर थांबला, तेव्हा सुई खरी बोलते हे पटले.

मग बाभळीच्या निखाऱ्यावरची तंगडी घेतली. सुई मांडीच्या सर्वांत जाड भागात, बाजूने आत घातली. टोक मांसाच्या मधोमध, पण हाडाला लागू दिले नाही. हाड आणि मांस सारखे तापत नाहीत, टोक हाडाला टेकले तर आकडा हाडाचा येतो, मांसाचा नव्हे. आकडा चढत चढत ८२ वर स्थिरावला. कोंबडीला आतपर्यंत ७४ अंश लागतात. तेवढी उष्णता सगळीकडे पोचली की पोट बिघडवणारे जंतू मरतात. तंगडी फोडली, तर हाडाजवळ तीच लाली!

"मग हे काय?" सासूबाईंनी विचारले.

भाच्याने हाड मोडून दाखवले. आत लाल मगज. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापायला येतो; अंगाने मोठा, पण हाडे अजून कोवळी, सच्छिद्र. तापले की मगजातला लाल रंग हाडातून झिरपून शेजारच्या मांसाला लागतो, आणि मग तो कितीही भाजले तरी पुरता जात नाही. बर्फात गोठवलेली कोंबडी असेल तर हे जास्तच दिसते, कारण गोठताना मगजातल्या पेशी फुटतात. गावरान कोंबडी कित्येक महिन्यांची, हाडे पक्की, म्हणून सासूबाईंनी जन्मात असे पाहिले नव्हते. यात त्यांची काही चूक नाही.

मी म्हटले, चला, मिटले. पण भाच्याने छातीचा जाड तुकडा उचलला. वरून खरपूस, चीर देऊन पाहिले तर आत पांढरा. लालीचे नावही नाही. हा मी खुशाल मुलीच्या ताटात वाढला असता. सुई घातली आणि आकडा थांबला ६१ वर! मांस पांढरे होऊ लागते ते ७४ च्या बरेच आधी. माझ्या अंगावर काटाच आला. तुकडा निखाऱ्याच्या कडेला, जरा मंद आचेवर ठेवला. सुई साबणाच्या गरम पाण्याने धुतली. अर्धकच्च्यातून काढलेली सुई तशीच दुसरीकडे घातली तर तिचेच जंतू लागायचे. दहाएक मिनिटांनी दोन ठिकाणी पाहिले: एकीकडे ७८, दुसरीकडे ७१. ७१ वाली बाजू निखाऱ्याकडे वळवली. आणखी थोड्या वेळाने तिथेही ७५ आले, तेव्हाच मुलीला वाढले. मांस अगदी रसाळ होते.

पातळ तुकड्याला मात्र ही सुई तितकीशी उपयोगी नाही. टोक मधोमध राहत नाही, पलीकडून बाहेर निघते. तो मी अजूनही रश्श्यातच टाकते.

भाच्याने सुई साडेतीनशेला घेतली होती, जाताना आमच्याकडेच ठेवून गेला. सासूबाईंनी लालीवाली तंगडी त्या दिवशी खाल्ली नाहीच. पण परवा मुलगा भाजायला बसला, तर आधी त्यांनीच विचारले, "सुई कुठं ठेवली रे?"