चारआईना, खादी आणि भाचीचा सेल्फी

माझी भाची पुण्यात शिकते. एके रात्री तिनं मला एक सेल्फी पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, यावरून माह्या पोशाखाचं डिझाइन काढून दे. कॉस्प्ले करायचाय." मी वर्ध्यात ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. कॉस्प्ले म्हणजे काय ते मी तिलाच विचारलं. आवडत्या पात्रासारखा पोशाख करून त्या पात्राच्या थाटात वावरायचं, असं ती म्हणाली. हा शब्द 1980 च्या दशकात जपानमध्ये रुळला. आपल्याकडे 2011 साली दिल्लीत कॉमिक कॉन भरलं, तेव्हापासून मुलं तिथे असे पोशाख करून जातात. तिला कुठल्या सिनेमातलं पात्र नको होतं. स्वतःचंच हवं होतं : पळसाच्या रानाची पहारेकरीण, अंगात चिलखत, पाठीवर झूल. "झूल बैलाले असते बापा," मी म्हटलं. तिकडून उत्तर आलं, "केप म्हण."

कापडाला कात्री लावण्याआधी एक कागद तयार करतात. त्यावर पुढून आणि मागून चित्र असतं, प्रत्येक तुकड्याचं माप, साहित्य आणि रंग लिहिलेले असतात. याला कन्सेप्ट शीट म्हणतात, म्हणजे कल्पनेचा कागद. मी सेल्फी छापून घेतला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि पेन्सिल चालवली. खाली धड जोडलं तर खांदे इतके अरुंद निघाले की चिलखताची पाटी शाळेच्या पाटीएवढीच बसत होती. पोरगी काही तशी नाही. तिनं हसून समजावलं की सेल्फी हातभर अंतरावरून निघतो, आणि कॅमेऱ्याच्या जवळचा भाग मोठा दिसतो. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचा हिशेब मांडला होता : सुमारे 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं. नाकामागून चेहरा मोठा होतो, खांदे मागे राहून लहान होतात. मी त्या नाकाच्या मापानं शिरस्त्राणाची नाकपट्टी आखून बसले होते.

त्याच फोटोत तिनं एका हातात लाकडी तलवार धरली होती. मला ती उजव्या हातात दिसली, म्हणून दस्ताना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं हाताचं चिलखत, मी उजव्या हातावर काढला. पोरगी डावखुरी आहे हे मी तिच्या बारशापासून पाहत आले आहे, पण फोटोपुढे विसरले. पुढचा कॅमेरा आरशासारखं चित्र दाखवतो आणि कित्येक फोन ते तसंच उलटं साठवतात. तिच्या टी-शर्टावरची अक्षरं उलटी होती, तेवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. मग मी तिच्याकडून दुसरा फोटो मागवला : मैत्रिणीनं दोन मीटर लांबून, फोन छातीच्या उंचीवर धरून, पूर्ण उभा काढलेला. सोबत टेपनं घेतलेली मापं. सेल्फी मी चेहऱ्यासाठी आणि रंगासाठी ठेवला.

आता चिलखत. कड्यांचं चिलखत नवख्याच्या आवाक्यातलं नाही, आणि विलायती पद्धतीचं छातीवर फुगलेलं कवच वाकवायला कठीण. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जुनी शस्त्रं ठेवली आहेत, तिथून मला चारआईना सुचला. तो चार सपाट पाट्यांचा असतो : एक छातीवर, एक पाठीवर, दोन काखेखाली. बाजूच्या पाट्यांना वर अर्धगोल खाच असते, म्हणजे हात मोकळा हलतो. पाट्या पट्ट्यांनी आणि बक्कलांनी जोडतात. सपाट तुकडे, सरळ रेषा. ब्लाउजपेक्षा सोपं वाटलं, आणि तिथेच मी फसले. भाचीची छाती 84 सेंटिमीटर. पुढची आणि मागची पाटी 26-26, बाजूच्या 12-12, बेरीज 76. उरलेले 8 चार फटींत वाटले की प्रत्येकीत 2. हिशेब चोख होता, फक्त चिलखत उघड्या अंगावर घालत नाहीत हे मी धरलं नव्हतं. आत रुईभरली बंडी येणार. बंडीवरून टेप फिरवली तर माप 90 भरलं, म्हणजे प्रत्येक फट साडेतीन सेंटिमीटर. पट्ट्या त्या मापानं लांब केल्या. पाटीची उंची गळ्याच्या खळीपासून बेंबीच्या चार बोटं वर थांबवली, नाहीतर बसताना खालची कड मांडीवर आपटते आणि वरची हनुवटीला लागते. हे मी पुठ्ठ्याची पाटी स्वतःला बांधून खुर्चीवर बसून पाहिलं. शेजारीण दारातच उभी होती.

कॉस्प्लेचं चिलखत लोखंडाचं नसतं, फोमचं असतं. ईव्हीए फोम, चपलेच्या तळव्याचा आणि व्यायामाच्या चटईचा तोच. चपलांचं साहित्य विकणाऱ्याकडे गेले. त्यानं विचारलं, "किती जोड काढता बाई?" पाट्यांसाठी 10 मिलिमीटर जाडीचा आणि कडांवरच्या उठावासाठी 5 मिलिमीटरचा घ्यावा, हे मी भाचीकडून शिकून आले होते. कागदावर लिहिण्याआधी तळहाताएवढा नमुना केला. चिकटवायला रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावतात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबतात आणि मग दाबतात. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी खुणा करायच्या. हे काम आणि पुढचं गरम हवेचं काम अंगणात करावं, वास डोक्यात चढतो.

फोमला बारीक छिद्रं असतात. थेट रंग लावला तर फोम तो पिऊन टाकतो आणि वर डाग राहतात. म्हणून आधी हीट गननं गरम हवा झरझर फिरवतात. पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं बंद झाली असं समजायचं. मग पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचे थर, प्रत्येक वाळवून. मी त्यावर घरात पडलेला खिडकीच्या गजांचा तेलरंग दिला. वाळल्यावर छान दिसला, नमुना वाकवला तर सोलपटं निघाली. फोम लवतो, तो रंग लवत नाही. कागदावर मी ॲक्रिलिक लिहिला : आधी सगळं काळं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं पितळी रंग फक्त उठावांवर आणि कडांवर घासायचा. खाचांत काळं राहिलं की नजरेला धातू वाटतो. सरसकट सोनेरी फासलं तर नाटकातला राजा होतो.

केपच्या बाबतीत मला वाटलं, आता आपलं राज्य. मी "मखमल" लिहिलं. भाची म्हणाली, दिवसभर ती पाठीवर वागवायची कोणी? अर्धवर्तुळ केपला सुमारे दोन चौरस मीटर कापड लागतं. माझ्याकडची मखमल चौरस मीटरला 350 ग्रॅमची, म्हणजे 700 ग्रॅम. जाड खादी 200 ग्रॅमची घेतली तर 400 वर भागतं, आणि फोमखाली घामानं चिंब झालेल्या अंगाला सुती कापड सोसतं. खादीच्या गावात राहून मखमल लिहिल्याची मला जरा लाजच वाटली. 1938 मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय इथंच आहे, आणि त्यांची नैसर्गिक रंगांत रंगवलेली मगन खादी मी गिऱ्हाइकांना सांगत असते.

खादी 114 सेंटिमीटर पन्ह्याची. अर्धवर्तुळाचा सरळ भाग कापडाच्या काठावर ठेवला तर जोड न देता पन्ह्याएवढी त्रिज्या मिळते. वरची कड खांद्यामागे 40 सेंटिमीटर बसवायची. ती अर्धवर्तुळाची कड आहे, म्हणून 40 ला 3.14 ने भागलं, आतली त्रिज्या 13 आली. दुमडीला 2 सोडले. 114 वजा 15, लांबी 99. हे मी शाईनं लिहिलं. मग कापडाच्या तुकड्यावर 20 सेंटिमीटरचा चौकोन आखून तो धुतला, तर तो दोन्हीकडून 19 झाला. पन्हासुद्धा आटतो! 114 चे 108 उरले आणि केप 93 वर आली. लांबीला आटल्यावर 216 लागतात, म्हणजे न धुतलेलं सुमारे 228. अडीच मीटर घेतलं की पुरे. भाचीची उंची 158, केप खांद्यावरून गुडघ्याच्या थोडी खाली येते, सरकत्या जिन्यात अडकत नाही. कापून झालं की दुमड लगेच घालायची नाही. केप रात्रभर टांगून ठेवायची, कारण तिरक्या धाग्याचा भाग वजनानं लोंबतो आणि खालची कड वेडीवाकडी होते.

बंद गळ्याला बांधलेली केप गळा आवळते, म्हणून ती चिलखताला अडकवायचं ठरलं. मी आकडे खांद्याच्या पट्ट्यांवर पुढच्या बाजूला दाखवले. पुठ्ठ्याच्या पाट्यांवर ओढणी बांधून भाची चालली आणि पुढची पाटी वर चढून तिच्या हनुवटीला लागली. आकडे पाठीच्या पाटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत गेले.

रंग सर्वांत शेवटी घेतले आणि सर्वांत जास्त वेळ तिथंच गेला. सेल्फीतल्या गालावरचा रंग उचलला तर तो हिरवट निघाला. वसतिगृहाच्या ट्यूबलाइटनं ती आजारी दिसत होती. पुन्हा सेल्फी मागवला, दिवसा खिडकीजवळ, गालाजवळ पांढरा कागद धरून. कागद फोटोत पांढरा दिसला तर गालाचा रंगही खरा. मग मी केप शेंदरी आणि चिलखत सोनेरी रंगवलं, फार देखणं झालं. भाचीनं चित्राचा फोटो काळापांढरा करून परत पाठवला. केप आणि चिलखत एकाच राखाडी रंगात मिसळले होते, पाट्या दिसतच नव्हत्या. रंग वेगळे होते, उजेडगडदपणा एकच. म्हणून केप गडद केली : हिरड्याच्या काढ्यात भिजवून लोखंडाच्या पाण्यात बुडवलेली काळसर राखी. चिलखत पितळी. पळस फक्त कडेला आणि गोंड्यांना, दहाव्या हिश्श्याएवढा.

तो पळसाचा रंगही मी फुलांतूनच काढायला गेले. सुकलेली फुलं उकळून तुरटी लावलेली खादी बुडवली. झाडावर शेंदरी पेटलेलं फूल कापडावर साधं पिवळं उतरलं, आणि उन्हात तेही फिकट व्हायला लागलं. दुकानातला पक्का शेंदरी काठ लिहून मी कागद पूर्ण केला.

तुम्हाला सेल्फीवरून अशा पोशाखाचं डिझाइन काढून घ्यायचं असेल, तर शिवणाऱ्याला सेल्फीसोबत लांबून काढलेला पूर्ण फोटो, आतल्या कपड्यांवरून घेतलेली मापं आणि कोणता हात चालतो ते लिहून पाठवा. खरी धारदार हत्यारं कॉमिक कॉनसारख्या जत्रांत आत नेऊ देत नाहीत, तलवारही फोमचीच बरी. आणि मे महिन्यात वर्ध्यात फोमचं चिलखत बंद गाडीत ठेवू नका. पाट्या वाकड्या होतात आणि सोल्यूशनचे जोड सुटतात.