माळावरचं काय?

आमचं घर पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर. आजोळ माजलगावकडे, खाली गोदावरीच्या खोऱ्यात. वर मुरमाड माळ, कुसळी गवत आणि बाभळी. खाली काळी जमीन, ऊस, आणि सिंदफणेवरच्या धरणाचं पाणी. दोन्हीत उंचीचा फरक साधारण साडेतीनशे मीटर. पुण्यात दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला पक्ष्यांच्या याद्या करायला याहून सोयीच्या दोन जागा मिळणार नाहीत.

घरामागचा चार एकर माळ अण्णांना सोलरवाल्यांना भाड्याने द्यायचा होता. मी म्हणालो, "तिथे पक्षी आहेत." अण्णा म्हणाले, "वर काय ठिवलंय? कुसळं अन् दगडं. पाखरं बघायची तर धरणावर जा."

हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे, असं मला वाटलं.

दोन जागांच्या याद्या ठेवल्या की तीन आकडे मिळतात. दोन्हीकडे दिसलेल्या जाती म्हणजे a, फक्त खाली दिसलेल्या b, फक्त वर दिसलेल्या c. दोन जागांमधला फरक, म्हणजे बीटा डायव्हर्सिटी, मोजायची एक जुनी पद्धत आहे सोरेन्सनची: (b+c)/(2a+b+c). शून्य आलं तर दोन्ही याद्या सारख्या, एक आलं तर एकही पक्षी सामाईक नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली माझी वही अशी होती: खाली ३८ जाती, वर २४, दोन्हीकडे सामाईक २०. म्हणजे फक्त खाली १८, फक्त वर ४. फरक आला २२ भागिले ६२, ०.३५५. मी खूश झालो. अण्णांना सांगायला आकडा मिळाला.

पण हा एकटा आकडा दोन वेगळ्या गोष्टी लपवतो. आईच्या फडताळातले एकात एक बसणारे स्टीलचे डबे आठवा. धाकटा डबा थोरल्यात पूर्ण मावतो. वरची यादी अशी खालच्या यादीत मावत असेल, तर वर वेगळं काही नाही, फक्त कमी आहे. याला नेस्टेडनेस म्हणतात. दुसरी शक्यता अशी, की खालचे काही पक्षी वर गळतात आणि त्यांच्या जागी दुसरेच येतात. ही अदलाबदल, म्हणजे टर्नओव्हर. पहिल्या प्रकारात खालची जागा सांभाळली तर सगळ्या जाती सांभाळल्या जातात, अण्णांचं म्हणणं खरं ठरतं. दुसऱ्यात दोन्ही जागा लागतात.

आंद्रेस बासेल्गा या संशोधकाने २०१० मध्ये हा एक आकडा दोन भागांत फोडून दाखवला. त्यातली युक्ती अशी: b आणि c यांच्यातला जो लहान, तेवढीच खरी अदलाबदल, कारण तेवढ्याच पक्ष्यांची दुसरीकडच्या पक्ष्यांशी जोडी लागते. म्हणून टर्नओव्हर = min(b,c)/(a+min(b,c)). एकूण फरकातून तो वजा केला की उरतो तो नेस्टेडनेसचा वाटा. त्याचं पॅकेजही आहे:

```r
library(betapart)
beta.pair(x, index.family = "sorensen")
```

`x` मध्ये प्रत्येक ओळ एक जागा, प्रत्येक स्तंभ एक जात, दिसली तर 1, नाही तर 0. उत्तरात `beta.sim` म्हणजे टर्नओव्हर, `beta.sne` म्हणजे नेस्टेडनेसचा वाटा, `beta.sor` म्हणजे एकूण.

माझं उत्तर: टर्नओव्हर ४ भागिले २४, ०.१६७. नेस्टेडनेसचा वाटा ०.१८८. निम्म्याहून जास्त फरक 'वर फक्त कमी आहे' या प्रकारातला. अण्णा बरोबर होते.

दोन दिवस मी गप्प बसलो. मग डीबग करायला घेतलं, आणि बग सूत्रात नव्हता, वहीत होता. सुट्टीत मी आजोळी ९ सकाळी फिरलो होतो आणि घरी फक्त ३. कमी वेळ बघितलेली यादी लहानच येते. आणि कमी वेळात आधी दिसतात ते सगळीकडे असणारेच पक्षी: साळुंकी, बुलबुल, होला, कोतवाल. त्यामुळे अपुरी यादी हमखास मोठ्या यादीत मावते. मी माळाची गरिबी मोजली नव्हती, माझा आळस मोजला होता. नेस्टेडनेस जास्त आला की आधी सकाळी मोजाव्यात, हे मी तिथे शिकलो.

दुसरी चूक धरणाची. फक्त खाली दिसलेल्या १८ पैकी १० पाणपक्षी होते: पाणकावळा, वारकरी, शेकाट्या वगैरे. ते खाली आहेत ते उंचीमुळे नाही, माजलगावला धरण बांधलं म्हणून. मला कोरडी जमीन कोरड्या जमिनीशी ताडायची होती, म्हणून ते बाजूला काढले. खालची यादी २८ वर आली.

मग त्याच हिवाळ्यात शनिवार-रविवारी गावी जाऊन माळावर आणखी ६ सकाळी केल्या. वर ६ जाती वाढल्या. त्यातल्या ३ खाली आधीच होत्या, ३ नव्या. आता सामाईक २३, फक्त खाली ५, फक्त वर ७. एकूण फरक १२ भागिले ५८, म्हणजे ०.२०७, आधीपेक्षा बराच कमी. पण टर्नओव्हर ५ भागिले २८, ०.१७९, आणि नेस्टेडनेसला उरले जेमतेम ०.०२८. फरक आक्रसला, अर्थ मात्र उलटला. माळ धाकटा डबा नव्हता. तो दुसराच डबा होता.

फक्त खालचे पाच: सुगरण, मुनिया, तांबट, हळद्या, पोपट. पाटाचं पाणी आणि मोठी झाडं लागणारे. फक्त वरचे सात: माळटिटवी, डोंबारी, लावा, मोर, धाविक, पखुर्डी, रातवा. यातले बहुतेक उघड्या, कोरड्या जमिनीवर अंडी घालणारे.

यावरून 'उंचीमुळे पक्षी बदलतात' असं मी म्हणणार नाही. साडेतीनशे मीटर चढल्यावर तापमान दोनेक अंशांनी उतरतं. हिमालयात काही हजार मीटर चढताना होतं तसं इथे होत नाही. इथे उंचीबरोबर बदलते ती माती आणि पाणी. शिवाय आकडा नाजूक आहे. खालच्या पाचपैकी दोन पक्षी उद्या वर दिसले, तर टर्नओव्हर ०.१०७ वर येईल आणि नेस्टेडनेस ०.०६ वर जाईल. आणि या हिशोबात एक धाविक आणि तीनशे साळुंक्यांचा थवा दोन्हींना सारखाच 1 मिळतो.

अण्णांना मी हे सगळं डब्यांवरून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग किती एकर ठिवायचं?"

याचं उत्तर सूत्रात नाही. मी वही उघडून सात नावं वाचली. पखुर्डीपाशी ते थांबले. "ती व्हय? ती तर पार बांधाच्या कडंला बसती, खालच्या दीड एकरात. मी लहानपणापासून बघतोय."

सोलरवाल्यांना अडीच एकराचा नकाशा गेला आहे. पुढच्या दिवाळीत मी दोन्हीकडे ९-९ सकाळी फिरणार आहे. वर आधी.