वेड्याला सात खून माफ असतात का?

सेनगाव तालुक्यातल्या एका गावातून एक शेतकरी बाबा आपल्या मुलाला माझ्याकडे आणतात. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत. एकदा मुलाला बाहेर बसवून बाबांनी हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, उद्या याच्या हातून काही झालं तर कोर्ट सोडून देईल ना? लोक म्हणतात वेड्याला सात खून माफ असतात."

हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: या आजाराचे बहुतेक रुग्ण कधीच कुणाला इजा करत नाहीत. पण प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं, आणि उत्तर "नाही" असं आहे.

कायद्यात सूट आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ती कलम 84 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. पण आजार असणं एवढंच तिथे पुरत नाही. ते कृत्य करताना, त्या वेळी, मनाच्या विकारामुळे माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं, किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे हे कळत नव्हतं, हे दिसावं लागतं. मी रुग्णाला आजार आहे की नाही ते पाहतो. कोर्ट त्या एका क्षणी समज होती की नाही ते पाहतं.

मग गेलेला क्षण कोर्ट तपासणार कसा? आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतो. 1994 च्या एप्रिलमध्ये एका पोलीस शिपायाने बायकोच्या डोक्यात वाटायचा दगड घालून तिला मारलं. खालच्या कोर्टात खुनाची शिक्षा झाली, हायकोर्टाने ती कायम ठेवली. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. का? त्याच्या वडिलांना मानसिक आजार होता. त्याच्यावर 1992 पासून उपचार चालू होते, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला 25 वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. खुनाचं कारण फारच किरकोळ दिसत होतं: तो नोकरी सोडू पाहत होता आणि बायकोचा त्याला विरोध होता. आणि दिवसाढवळ्या मारून त्याने लपायचा किंवा पळायचा प्रयत्न केला नाही. आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं असं सगळं जोडून न्यायालयाने मधला क्षण ओळखला. यातली एकच गोष्ट असती, तर कदाचित पुरली नसती.

हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र ती सरकारी पक्षाइतकी कडक नसते. तसं असण्याचा संभव जास्त आहे, एवढं दाखवलं तरी चालतं.

"आणि दारू प्यायलेला असेल तर?" बाबांचा पुढचा प्रश्न. कुणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली आणि समजच उरली नाही, तर सूट मिळते. स्वतःहून प्यायलेल्याला मात्र शुद्धीत असलेल्या माणसाइतकीच जाण होती असं कायदा धरून चालतो. हेतू होता का, हे कोर्ट परिस्थितीवरून ठरवतं. 1956 च्या एका निकालात लग्नाच्या जेवणात जागा दिली नाही म्हणून एका निवृत्त जमादाराने एका मुलाला गोळी घातली होती. तो खूप प्यायलेला होता, पण स्वतःच्या पायाने चालत होता, नीट बोलत होता, गोळी घातल्यावर पळायला लागला, आणि पकडल्यावर त्याने माफी मागितली. म्हणजे समज होती. खुनाची शिक्षा कायम राहिली. वर्षानुवर्षं पिऊन मेंदूवर परिणाम झाला आणि भ्रम झाला, तर मात्र ती नशा राहत नाही, आजार ठरू शकतो.

आणि सुटका म्हणजे लगेच घरी नव्हे. कृत्य त्याच्या हातून झालं असं ठरलं, तर कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगू शकतं, किंवा नातेवाईक हमी देत असतील तरच त्यांच्या ताब्यात देतं.

मी बाबांना जुने कागद मागितले. ते म्हणाले, "दिवाळीत घर सारवताना टाकून दिले." मग मी माझीच चिठ्ठी पाहिली. तीन वर्षांत मी तिच्यावर फक्त गोळ्यांची नावं लिहिली होती. मुलाला आवाज ऐकू येत होते, गोळ्या सुटल्या होत्या, शेजारी विष घालतील असं तो म्हणायचा; यातलं काहीच तिच्यावर नव्हतं. त्या शिपायाला वाचवलं ते अशाच नोंदींनी. माझ्या चिठ्ठीने कुणीच वाचलं नसतं.

त्या दिवसापासून मी तारीख घालून रुग्णाची अवस्था लिहितो. तुम्हीही प्रत्येक भेटीत डॉक्टरांना ती लिहायला सांगा. आजाराचे कागद एका पिशवीत घालून सातबाऱ्याशेजारी ठेवा. गोळी बंद झाली, झोप उडाली, संशय वाढला, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात या. कागद कोर्टात कामाला येतो. पण वेळेवर घेतलेली गोळी कोर्टाची पायरीच चढू देत नाही.